गाडी दोन महिने गॅरेजला उभी, तरी बारा महिन्यांचं उत्पन्न? (मालवाहतूक, ४४एई)

मिरजेचा_मोटारमालक
नमस्कार मंडळी. भाड्याने माल वाहण्याचा धंदा आहे, मिरज एमआयडीसी आणि आसपास. आमचे टॅक्सवाले दरवर्षी गाड्यांवरून ठोक रक्कम काढून रिटर्न भरतात, मी सही करतो. यंदा पहिल्यांदाच विचारलं की ही रक्कम येते कुठून, तर म्हणाले, "कायद्यात तसंच आहे." एवढ्याने समाधान होईना.

आर्थिक वर्ष २०२५-२६ मध्ये माझ्याकडे असलेल्या गाड्या अशा. एक छोटा हत्ती आणि एक १४ फुटी आयशर, दोन्ही वर्षभर. एक दहा टायर, आरसीवर एकूण वजन २५,००० किलो, वर्षभर. जुनी सहा टायर, १६,२०० किलोची, ७ ऑगस्टला विकली. तिच्या जागी नवी सहा टायर, १८,५०० किलोची, २९ सप्टेंबरला ताब्यात आली. टॅक्सवाल्यांनी एकूण उत्पन्न ६,९०,५०० काढलंय.

माझं दुखणं दहा टायरचं. जून-जुलै ती इंजिनकामाला गॅरेजमध्ये उभी होती. एक रुपया भाडं नाही, वर ड्रायव्हर हातचा जाऊ नये म्हणून त्याला निम्मा पगार चालू. तरी तिचे पूर्ण बारा महिने धरलेत. हे बरोबर आहे का? आणि खरा नफा याहून कमी असेल तर काय करायचं?

जुना_ड्रायव्हर
गाडी उभी असली की फायनान्सवाल्याचा हप्ता थांबतो का? मग सरकार कशाला थांबेल!

बापू_कराडकर
तुमच्या टॅक्सवाल्याला बदला. एवढं वजनबिजन मोजायची गरजच नाही. भाडं बँकेत जमा होत असेल तर उलाढालीच्या ६ टक्के दाखवायचे, रोखीत असेल तर ८ टक्के. माझ्या मेहुण्याचं हार्डवेअरचं दुकान आहे, तो असंच भरतो. गाडी उभी राहिली तर उलाढाल कमी, उत्पन्न कमी. विषय संपला.

सुमेधा_लेखा
@बापू, तुमच्या मेहुण्याचं बरोबर आहे, कारण ते दुकान आहे. ६ आणि ८ टक्क्यांचा नियम कलम ४४एडीचा. त्यातून ४४एईमधला मालवाहू गाड्यांचा धंदा नाव घेऊन वगळलेला आहे. दहा किंवा त्याहून कमी मालगाड्या असणाऱ्याला अंदाजे उत्पन्न दाखवायचं असेल तर ४४एईनेच जावं लागतं, आणि तिथे उलाढालीचा संबंधच नाही. मालकी किती गाड्यांची, किती वजनाच्या आणि किती महिने, एवढंच बघतात.

आता धागाकर्त्याचा हिशेब. एकूण वजन १२,००० किलोपर्यंत असलेल्या गाडीला महिन्याला सरसकट ७,५०० रुपये. छोटा हत्ती असो की आयशर, वर्षाचे ९०,०००. दोन्हींचे मिळून १,८०,०००. त्याच्या वरच्या गाडीला टनामागे महिन्याला १,००० रुपये, म्हणून दहा टायरचे महिन्याला २५,००० आणि वर्षाचे ३,००,०००. जुन्या सहा टायरचे एप्रिल ते ऑगस्ट पाच महिने, कारण महिन्याचा काही भाग गाडी तुमची असली तरी पूर्ण महिना धरतात. १६,२०० गुणिले पाच, ८१,०००. नवीचा सप्टेंबरही तसाच पूर्ण धरला, मार्चपर्यंत सात महिने, १,२९,५००. बेरीज ६,९०,५००. तुमच्या टॅक्सवाल्यांनी चोख काम केलंय, फक्त समजावून सांगायचा कंटाळा केला.

गॅरेजचे दोन महिने मात्र सुटत नाहीत. गाडी किती महिने तुमच्या मालकीची होती ते कायदा विचारतो, किती महिने धावली ते विचारत नाही.

कोकणी_फणस
२९ सप्टेंबरला गाडी घेतली? अहो, गेल्या वर्षी दसरा २ ऑक्टोबरला होता. तीन दिवस दम धरला असता तर मुहूर्तही साधला असता आणि सप्टेंबरचे १८,५०० पण वाचले असते. पंचांग बघत नाही त्याला आयकर बघतो.

मिरजेचा_मोटारमालक
@कोकणी_फणस, शोरूमवाला म्हणाला दसऱ्याला गर्दी असते, आधी नेऊन ठेवा, पूजा दसऱ्यालाच करा. पूजा दसऱ्यालाच केली.

@सुमेधा ताई, आकडा आता कुठे डोक्यात शिरला. पण सहा टायरला एक आणि दहा टायरला दुसरा भाव हे मला नवीन आहे. वडील धंदा बघायचे तेव्हा सगळ्या ट्रकना सारखेच आकारायचे असं आठवतंय.

जुना_ड्रायव्हर
बरोबर आठवतंय. हे कलम १९९४ साली आलं. आमच्या मालकांच्या वेळी जड गाडीला ३,५०० आणि हलक्याला ३,१५० असा दर होता. नंतर ५,००० आणि ४,५०० झाला. मग सरसकट ७,५०० केला, बारा टायर असो की टेम्पो. छोट्या टेम्पोवाले तेव्हा लई बोंबलले, की आम्ही आणि कंटेनरवाला एकाच मापात कसे. २०१८ च्या अर्थसंकल्पात जड गाड्यांना टनाचा हिशेब लावला. टेम्पो तिथेच राहिला, ट्रकवाल्यांची पाळी आली.

लांब_पल्ला
ही पाळी कशी आली ते माझ्याकडून ऐका. सहा बारा-टायर आहेत, प्रत्येकी ३१ टन, स्टील आणि सिमेंटची लाईन. ३१ हजार गुणिले सहा गुणिले बारा, म्हणजे बावीस लाख बत्तीस हजार. नवीन पद्धतीने त्यावर सेससकट २,६८,३२० कर बसतो. सरसकट ७,५०० होते तेव्हा याच सहा गाड्यांचं उत्पन्न ५,४०,००० धरलं जायचं. गाडी तीच, ड्रायव्हर तेच, रस्त्यातले खड्डेही तेच.

आणि वजनाचा म्हणजे कमाईचा हिशेब हे कुणी सांगितलं? ३१ टनाची गाडी जाताना भरलेली, येताना परतीचं भाडं मिळेपर्यंत दोन-दोन दिवस हुंडेकऱ्याच्या दारात. शेवटी डिझेलपुरतं भाडं घेऊन निघायचं. शहरात फिरणारा टेम्पो दिवसातून चार खेपा मारून सुखात.

बापू_कराडकर
@लांब_पल्ला, कायद्यात "एकूण वजन किंवा रिकाम्या गाडीचं वजन" असं लिहिलंय, मी आत्ताच वाचलं. मग रिकाम्या गाडीचं वजन धरा की. बारा टायर रिकामी १०-११ टनाची भरेल. उत्पन्न एकदम तिसऱ्या हिश्श्यावर येईल. टॅक्सवाले या गोष्टी सांगत नाहीत, आपणच शोधाव्या लागतात.

सुमेधा_लेखा
बापू, शब्द आहेत, पण त्यांच्यापुढे "जसं लागू असेल तसं" असंही आहे ते तुम्ही सोडलंत. निवड करदात्याच्या मर्जीवर ठेवलेली नाही. मोटार वाहन कायद्यात जड मालवाहनाची व्याख्या बघा. तिथे मालगाडीला एकूण वजन लावलंय आणि ट्रॅक्टर, रोड रोलर यांना रिकामं वजन. तो शब्द तिथूनच इथे आला असावा असं माझं वाचन आहे. ट्रकला रिकामं वजन लावून भरलेलं रिटर्न माझ्या हातून तरी जाणार नाही. आरसीवर दोन्ही वजनं शेजारी-शेजारी छापलेली असतात, त्यामुळे चुकून झालं असंही म्हणता येत नाही.

एक मात्र खरं. महिन्याच्या बाबतीत कायद्याने "किंवा त्याचा भाग" म्हटलंय, टनाच्या बाबतीत तसं म्हटलेलं नाही. त्यामुळे १६.२ टनाचे १६,२०० धरायचे, १७,००० नाही. काही ऑफिसांत वरचा पूर्ण टन धरून मोकळे होतात. आपला हिशेब एकदा तपासून घ्या.

खंडू_इस्लामपूर
माझ्याकडे ट्रॅक्टर आणि दोन ट्रॉल्या आहेत, कारखान्याला ऊस घालतो. मला दोन गाड्या धरायच्या की तीन? हंगाम चार-पाच महिन्यांचा, बाकी वर्ष घरच्या शेतात. ते पण बारा महिने?

जेसीबी_दादा
आणि जेसीबी? टनात बसते का ती?

सुमेधा_लेखा
जेसीबी खोदते, माल वाहत नाही. ती इथे येत नाही, तुमच्यासाठी बापूंच्या मेहुण्याचं कलम, उलाढालीची मर्यादा सांभाळून.

खंडूभाऊ, तुमचं अवघड आहे. मूळ मालगाडी नसलेलं वाहनही माल वाहायला वापरलं तर मालगाडी ठरू शकतं, अशी मोटार वाहन कायद्यातली व्याख्या आहे. म्हणून भाड्याने ऊस ओढणारा ट्रॅक्टर ४४एईमध्ये येतो असं मानून बरेच जण भरतात. पण ट्रॉली वेगळी मोजायची की ट्रॅक्टरबरोबर एकच, आणि शेतातल्या महिन्यांचं काय, यावर मी इथे छातीठोक उत्तर देणार नाही. कागद बघून बोलावं लागेल. ट्रॅक्टरची नोंदणी शेतीसाठी आहे की व्यवसायासाठी, हे आधी बघून ठेवा.

खंडू_इस्लामपूर
नोंदणी शेतीचीच आहे ताई. आमच्याकडे सगळ्यांची तशीच आहे.

जुना_ड्रायव्हर
खंडू, हे इथे लिहायचं नसतं रे बाबा.

लांब_पल्ला
ऊसवाल्यांचं एक बरं असतं. हंगामाआधी उचल मिळते. आम्हाला बिल्टी पोचवून पंचेचाळीस दिवसांनी पैसे.

खंडू_इस्लामपूर
उचल मिळते आणि टोळीचा मुकादम ती घेऊन पळतो, ते पण सांगा की. उत्पन्न मात्र माझ्या नावावर.

मिरजेचा_मोटारमालक
गाडी लाईनवर आणू. माझा दुसरा प्रश्न राहिलाय. दहा टायरचा वर्षाचा हिशेब मी वहीतून काढला. भाडं २७ लाख. डिझेल साडेचौदा. ड्रायव्हर-क्लीनरचा पगार-भत्ता ३.६, टोल १.९, टायर १.६, विमा-पासिंग-टॅक्स १.१, इंजिनकामासकट दुरुस्ती १.९ आणि कर्जाचं व्याज ६० हजार. खर्च २५ लाख २० हजार, हातात १ लाख ८० हजार. तिचं उत्पन्न तीन लाख धरलंय. उलट छोटा हत्ती सगळा खर्च जाऊन दीड लाख देतो आणि त्याचे ९० हजार धरलेत. मग दहा टायरचे खरे १.८ आणि छोट्या हत्तीचे नियमाप्रमाणे ९० हजार, असं दाखवता येईल ना?

सुमेधा_लेखा
नाही. गंमत अशी की ज्या दोन गाड्या तुम्ही उदाहरणाला घेतल्यात त्यातच या कलमाची खोच आहे. प्रत्येक गाडीसाठी ठरलेली रक्कम किंवा तिच्यातून प्रत्यक्ष मिळवल्याचं तुम्ही सांगाल ती रक्कम, यातली जी जास्त ती. वर जायला गाडीगणिक वाट मोकळी आहे, खाली यायला नाही. दहा टायरचा तोटा छोट्या हत्तीच्या फायद्यातून वजा होत नाही.

खाली यायचं असेल तर वाट एकच. पूर्ण धंद्याच्या वह्या ठेवायच्या आणि ऑडिट करून घ्यायचं. मग खरं उत्पन्न जे निघेल ते, घसाराही खरा. वाहतुकीच्या ट्रकला घसारा ३० टक्के मिळतो, त्यामुळे नव्या गाडीच्या वर्षी नफा बराच खाली येतो. पण ऑडिटला डिझेलच्या पावत्या, टायरची बिलं, ड्रायव्हरला दिलेल्या पैशांच्या सह्या, सगळं लागतं. वहीतला "डिझेल साडेचौदा" चालत नाही.

आणि तुमच्यासाठी हा खटाटोप कशासाठी करायचा? दुसरं मोठं उत्पन्न नसेल आणि तुम्ही नवीन कर पद्धतीत असाल, तर २०२५-२६ साठी १२ लाखांपर्यंत सूट मिळून कर शून्य होतो. ६,९०,५०० वर तुम्हाला एक रुपया भरायचा नाही. ऑडिटची फी भरून शून्याचं शून्यच राहील.

मिरजेचा_मोटारमालक
हे तर टॅक्सवाल्यांनी सांगितलंच नाही! म्हणजे दोन महिने धरले काय, न धरले काय!

कोकणी_फणस
म्हणजे माझे वाचवलेले १८,५०० पण गेले.

लांब_पल्ला
मी मात्र ऑडिटवालाच आहे. दोन वर्षांपूर्वी दोन गाड्या नव्या घेतल्या तेव्हा घसारा आणि व्याज मिळून खरा नफा नऊ लाखांवर आला होता, आणि ठोक हिशेब बावीस सांगत होता. ऑडिट करून घेतलं. आता कर्ज फिटत आलंय, घसाराही कमी होतोय. पुढच्या वर्षी परत ठोक हिशेबावर यायचा विचार आहे. पण आमच्या गावातल्या एकाला असं आत-बाहेर केलं म्हणून पाच वर्षं बंदी झाली होती म्हणे. आमचं पण तसं होईल का?

सुमेधा_लेखा
ती पाच वर्षांची अट ४४एडीची, दुकानदारांची. ४४एईला तशी अट नाही. एका वर्षी ऑडिट, पुढच्या वर्षी ठोक, चालतं. पण ठोकवर आलात की एक लक्षात ठेवा. ४४एडीवाले अग्रिम कर एकरकमी १५ मार्चपर्यंत भरू शकतात, तुम्हाला ती सवलत नाही. १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्च, चारही हप्ते. दुकानदारांचं ऐकून मोटारमालक मार्चपर्यंत थांबतात आणि मग व्याज का लागलं म्हणून विचारायला येतात. २,६८,३२० वर ते व्याज जाणवण्याइतकं असतं.

उर्मिला_नाशिक
ताई, वर "व्याज वजा होत नाही" असं निघतंय का? आमची भागीदारी फर्म आहे, दीर आणि माझे मिस्टर. द्राक्ष आणि कांद्याचे सहा टेम्पो, सगळे बारा टनाच्या आतले. फर्मच्या रिटर्नमध्ये भागीदारांचा पगार वजा केलेला मी पाहिलाय. तो चुकलाय का? मला तर आता झोप लागणार नाही.

सुमेधा_लेखा
चुकलेला नाही, झोपा. डिझेल, पगार, कर्जाचं व्याज, घसारा हे सगळं ठोक रकमेत आधीच वजा झालंय असं मानतात, ते परत मिळत नाही. पण फर्म असेल तर भागीदारांचा पगार आणि त्यांच्या भांडवलावरचं व्याज ठरलेल्या मर्यादेत ठोक उत्पन्नातून वेगळं वजा होतं. ४४एडीत हे मिळत नाही, ४४एईत मिळतं. तुमचं सहा टेम्पोंचं उत्पन्न ५,४०,०००. त्यातून आधी व्याज वजा होतं. व्याज नसेल तर पगार ९० टक्क्यांपर्यंत, म्हणजे ४,८६,००० पर्यंत बसतो. फर्मला ५४,००० वरच कर लागतो. फर्मला ३० टक्के दर आणि १२ लाखांची सूट नाही, म्हणून ही वजावट मोलाची. पगार भागीदारांच्या हातात उत्पन्न म्हणून येतो आणि तिथे सूट लागू होते. भागीदारी करारात पगाराचं कलम आहे ना, तेवढं बघा.

आणखी एक, १ एप्रिल २०२५ पासून फर्मने भागीदाराला वर्षात २० हजारांवर पगार-व्याज दिलं तर १० टक्के टीडीएस कापायचा आहे. घरच्याच फर्ममध्ये हे बरेच जण विसरलेत.

उर्मिला_नाशिक
हे मात्र केलेलं नाही. झोप गेलीच.

मिरजेचा_मोटारमालक
टीडीएसवरून आठवलं. एमआयडीसीतल्या कंपन्या माझ्याकडून दरवर्षी एक कागद लिहून घेतात की दहापेक्षा जास्त गाड्या नाहीत, आणि पॅन. मग टीडीएस कापत नाहीत. दोन कंपन्यांनी तरी कापला. तो परत मिळेल ना?

सुमेधा_लेखा
कर शून्य असेल तर रिटर्न भरून पूर्ण परत मिळेल. न कापणाऱ्या कंपन्यांनाही तुमच्या पॅनवर किती भाडं दिलं ते विभागाला कळवावंच लागतं, त्यामुळे कापला नाही म्हणजे दिसत नाही असं समजू नका. समजा तुमच्या पॅनवर ७० लाख भाडं दिसतंय आणि उत्पन्न ६.९० लाख. यात गैर काही नाही, ४४एई उलाढाल बघतच नाही. पण विचारणा झाली तर उत्तर द्यायला सगळ्या आरसी आणि खरेदी-विक्रीच्या तारखा हाताशी ठेवा. आयटीआर-४ मध्ये प्रत्येक गाडीचा नंबर, टन आणि महिने वेगवेगळे भरायचे असतात.

बापू_कराडकर
म्हणजे प्रत्यक्षात वीस लाख कमावले तरी ६.९० दाखवून मोकळं? मग "जी जास्त ती" याला अर्थ काय? कोण सांगेल स्वतःहून जास्त?

सुमेधा_लेखा
हा प्रश्न चांगला आहे. "मिळवल्याचं सांगितलेली रक्कम" असे शब्द असल्यामुळे सांगणं करदात्यावर आहे, असा एक पक्ष. प्रत्यक्ष जास्त मिळालं असेल तर ते दाखवलंच पाहिजे, असा दुसरा. व्यावसायिकांत यावर एकमत नाही. मी अशिलांना एवढंच सांगते की वर्षात जेवढी मालमत्ता उभी राहिली, तिचा मेळ दाखवलेल्या उत्पन्नाशी आणि कर्जाशी लागला पाहिजे. उत्पन्न ६.९० लाख आणि त्याच वर्षी रोखीने ३० लाखांचा प्लॉट, हे कलम सांभाळून घेणार नाही.

बापू_कराडकर
शेवटी मी एक तरी प्रश्न बरोबर विचारला. नोंद घ्यावी.

जुना_ड्रायव्हर
नोंद घेतली. मेहुण्याला कळवा.

लांब_पल्ला
दहाच्या मर्यादेबद्दल पण लिहा कुणीतरी. आमच्या ओळखीच्यांकडे दहा गाड्या होत्या. अकरावी आली आणि जुनी त्यानंतर चार दिवसांनी गेली. त्या चार दिवसांपायी पूर्ण वर्षाला ठोक हिशेब बंद झाला आणि टीडीएसचा कागदही खोटा ठरला. कायद्यात वर्षात "कधीही" दहापेक्षा जास्त नको असं आहे, ३१ मार्चला किती हे नाही. हप्त्यावरची गाडी फायनान्स कंपनीची, आपली नाही, असं त्यांचा मुलगा सांगत होता. तेही चालत नाही, कर्जावरची गाडी आपलीच मोजतात. आता तिथे नवी गाडी लाईनला लावायच्या आधी जुनी काढतात.

मिरजेचा_मोटारमालक
हे वाचून एक शंका आली. माझी सहा टायर ७ ऑगस्टला विकली म्हणतोय, पण घेणाऱ्याने आरसी अजून स्वतःच्या नावावर केलेली नाही. तो विट्याचा आहे, फोन उचलतो आणि "पुढच्या आठवड्यात" म्हणतो. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या दिल्यात, पैसे बँकेतून आलेत, गाडी ताब्यात दिल्याची पावती आहे. मग पाच महिने की बारा?

सुमेधा_लेखा
पैसे पूर्ण मिळाले, गाडी दिली, कागदावर सही झाली, तर मी पाचच धरेन आणि पावती फाईलला लावेन. पण आरसीवर नाव तुमचं असताना अधिकाऱ्याने बारा महिने म्हटलं तर वाद घालावा लागेल, हेही आत्ताच सांगते. फरक सात महिन्यांचा, १,१३,४०० रुपये उत्पन्नाचा. बेरीज आठ लाखांच्या थोडी वर जाईल, कर तरी शून्यच. करापेक्षा अपघाताची भीती मोठी आहे. उद्या त्या गाडीने कुणाला ठोकलं तर नोटीस तुमच्या दारात येईल.

विक्रीच्या पैशांची चिंता नको. जुनीची किंमत ट्रकच्या गटातून वजा होते आणि नवीची त्यात मिळते, म्हणून नवी जास्त किमतीची असेल तर वेगळा नफा निघत नाही. एकुलती एक गाडी विकून धंदा बंद करणाऱ्याला मात्र तिथे भांडवली नफ्याचा हिशेब लागतो, आणि त्यासाठी ठोक हिशेबाच्या वर्षांतही घसारा घेतला असं धरून राहिलेली किंमत मोजतात.

जुना_ड्रायव्हर
विट्याला माझा भाचा असतो, आरटीओच्या कामात मुरलेला. गाडीचा नंबर इथे टाकू नकोस, मला व्यक्तिगत निरोपातून पाठव. पुढच्या आठवड्यात म्हणणाऱ्याला तो याच आठवड्यात घेऊन जाईल.

मिरजेचा_मोटारमालक
पाठवला काका.

खंडू_इस्लामपूर
माझ्या ट्रॉल्यांचं तेवढं राहिलं बरं का.